एमओसीच्या फॉर्मवर शेवटची सही कोणाची?

प्रश्न: सर, मी केमिकल इंजिनिअर, लोणेऱ्याहून बी.टेक. दहा वर्षं लोटे एमआयडीसीत इंटरमिजिएट्सच्या प्लांटमध्ये आहे. कंपनीने दोन पर्याय पुढे ठेवलेत. एक, प्रॉडक्शन मॅनेजर, सगळ्या शिफ्टचे मिळून ४२ लोक. दुसरा, टेक्निकल सेलमध्ये सीनिअर प्रोसेस एक्स्पर्ट, हाताखाली कोणी नाही. ग्रेड सारखीच देऊ म्हणतात. मला आकडेमोड आवडते. पण कुठे अडलं की ऑपरेटर मलाच फोन करतात, म्हणून साहेब म्हणतात तू मॅनेजरच हो. घर गुहागरला, आई-वडील तिथेच, कोकण सोडायचं नाही. काय करू?

उत्तर: या पट्ट्यात मी २८ वर्षं काढली. महाड, रोहा आणि मग लोटे. पहिली ११ वर्षं प्रोसेसमध्ये, पुढची ६ प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून, आणि त्यानंतर परत टेक्निकलला आलो तो आजवर. दोन्ही खुर्च्यांवर बसलेला माणूस म्हणून लिहितो आहे.

आधी त्या फोनांबद्दल, कारण तुमच्या साहेबांचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. ऑपरेटर तुम्हाला फोन करून काय विचारतात? "साहेब, व्हॅक्यूम पडलं, काय करू?" असं विचारत असतील तर तो टेक्निकल माणसाला आलेला फोन आहे. मॅनेजरला येणारे फोन वेगळे असतात. "साहेब, सावंत आज परत पिऊन आलाय, गेटवर थांबवू का?" "माझी रजा का कापली?" "कॉन्ट्रॅक्टरने दोन माणसं कमी पाठवलीत, चार्जिंग कोण करणार?" गेल्या महिन्यातले फोन आठवून वहीत दोन रकान्यांत लिहा. पहिल्या रकान्यात वीस आणि दुसऱ्यात दोन निघाले, तर लोक तुमच्या डोक्यावर विश्वास ठेवतात एवढंच कळतं. माणसं सांभाळता येतील की नाही, त्याचं उत्तर त्या वीस फोनांत नाही.

आता खरी गोष्ट. ती मी एका बॅचच्या निमित्ताने सांगतो, कारण या दोन कामांतला फरक मला त्या एका बॅचने शिकवला. शिकायला पाच वर्षं लागली, हेही खरं.

मी नोकरीच्या नवव्या वर्षात होतो, प्रोसेस इंजिनिअर. तीन हजार लिटरचा ग्लास लाइन्ड रिअॅक्टर, आत ४५ अंशांवर चालणारी उष्णता सोडणारी रिअॅक्शन. वरच्या टाकीतून दुसरा घटक हळूहळू सोडायचा, सहा तासांत. त्यानंतर दोन तास नुसतं ढवळत ठेवायचं, म्हणजे उरलंसुरलं पूर्ण होतं. पूर्ण बॅचला १८ तास, महिन्याला ४० बॅच. प्रॉडक्शनला ४५ हव्या होत्या. त्यांनी सुचवलं, डोसिंग सहाऐवजी चार तासांत करू, सायकल १६ तासांवर येईल. बदलाचा फॉर्म, ज्याला आपण एमओसी म्हणतो, तो माझ्याकडे आला.

हिशोब सरळ होता. एका बॅचमध्ये एकूण जेवढी उष्णता सुटायची ती सहा तासांत वाटली तर सरासरी २० किलोवॅट. चार तासांत तीच सोडायची तर ३० किलोवॅट. रिअॅक्टरभोवती थंड पाणी फिरवणाऱ्या जॅकेटचा पृष्ठभाग सुमारे ८ चौरस मीटर, काचेच्या अस्तरामुळे उष्णता जाण्याचा गुणांक कमी, चौरस मीटरला दर अंशामागे अंदाजे २५० वॅट. म्हणजे आतल्या आणि जॅकेटच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे २ किलोवॅट निघतात. जानेवारीत जॅकेटमधलं पाणी २७ अंश, फरक १८, म्हणजे ३६ किलोवॅट निघू शकतात. ३० ची गरज, ३६ ची सोय. चालेल.

पण कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या तापमानावर ठरत नाही, ओल्या बल्बच्या तापमानावर ठरतं, म्हणजे हवेतला दमटपणाही त्यात येतो. मे महिन्यात किनाऱ्यावर घाम सुकत नाही ना, त्याच कारणाने टॉवरमधलं पाणीही नीट थंड होत नाही. आमच्याकडे मेमध्ये जॅकेटला ३३ अंशांचं पाणी मिळायचं. फरक १२, म्हणजे २४ किलोवॅट. ३० ची गरज आणि २४ ची सोय. सहा तासांचं डोसिंग मेमध्येही बसत होतं, चार तासांचं बसत नव्हतं.

मी फॉर्मवर लिहिलं, उन्हाळ्यात नको. शिवाय असंही लिहिलं की डोसिंग घाईने केलं तर आत न वापरला गेलेला माल किती साचतो ते कॅलरीमीटरमध्ये मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि साचलेला माल असेल तर व्हॉल्व्ह बंद करूनही रिअॅक्शन लगेच थांबत नाही. जानेवारीत तीन ट्रायल बॅच झाल्या. तिन्ही उत्तम. फॉर्मवर शेवटची सही प्रॉडक्शन मॅनेजरची होती. बदल मंजूर झाला, माझा शेरा फाईलला लागला.

मे आला. मी रोज लॉगशीट बघत होतो. डोसिंग चार तास, तापमान ४५, कुठे उडी नाही. महिनाभर हेच. मला वाटलं माझा गुणांक चुकला, जॅकेट मला वाटतं त्यापेक्षा चांगलं काम करतंय. मी गप्प बसलो. त्या उन्हाळ्यात क्यूसीमध्ये कच्चा माल थोडा जास्त उरलेला दिसायचा, त्याचं खापर पुरवठादारावर फुटलं.

दोन वर्षांनी मी त्याच प्लांटचा प्रॉडक्शन मॅनेजर झालो. आणखी तीन वर्षांनी, म्हणजे माणसं मला ओळखायला लागल्यावर, एका जुन्या ऑपरेटरने रात्रपाळीत चहा पिताना सहज सांगितलं. "साहेब, उन्हाळ्यात चार तासांत कधी होतच नाही. तापमान चढायला लागतं, मग आम्ही व्हॉल्व्ह बारीक करतो. साडेपाच तास लागतात. पण शीटवर चार लिहायचे, नाहीतर विचारणा होते." मग उरलेला दीड तास कुठून यायचा? ढवळायच्या दोन तासांतून. तिथे अर्धाच तास राहायचा. चार अधिक दोन सहा, साडेपाच अधिक अर्धा सहा. कागद जुळत होता.

डोसिंग रोटामीटर बघून हाताने व्हायचं, प्रवाहाची नोंद कुठेच नव्हती. नोंद फक्त तापमानाची होती आणि तापमान त्यांनी खरंच सांभाळलं होतं. माझा हिशोब बरोबर होता. क्यूसीतला उरलेला माल पुरवठादाराचा नव्हता, कापलेल्या दीड तासाचा होता. तो तसाच पुढच्या डिस्टिलेशनमध्ये, वाढत्या तापमानात जात होता. काही झालं नाही, याचं श्रेय आमच्यापैकी कोणाचंही नाही.

आता या गोष्टीत तुमच्या प्रश्नाचं काय आहे ते बघा. टेक्निकल माणूस म्हणून मला उत्तर माहीत होतं, पण ते लागू करायचा अधिकार नव्हता. मॅनेजर झाल्यावर अधिकार आला, तरी प्लांटमध्ये प्रत्यक्ष काय चाललंय ते कळायला तीन वर्षं लागली. कारण ती माहिती कागदावर नव्हती, एका माणसाच्या पोटात होती. आणि ती बाहेर यायला त्याला खात्री हवी होती की सांगितल्यावर मेमो मिळणार नाही. मॅनेजरचं काम म्हणतात ते बहुतांशी हे आहे. टार्गेट मागताना, माणसाला खोटं लिहावं लागणार नाही अशा पद्धतीने मागणं. मी त्या आठवड्यात नियम बदलला. टॉवरचं पाणी २८ च्या वर गेलं की डोसिंग सहा तास, आणि त्या काळातलं टार्गेट ४० बॅचचं. जुन्या शीटबद्दल कोणालाही विचारणा नाही. वरिष्ठांना हे पटवायला मला दोन महिने आणि बरीच कटुता लागली. त्यात एकही नवीन हिशोब नव्हता. हिशोब पाच वर्षांपूर्वीच्या फाईलमध्ये माझ्याच अक्षरात तयार होता.

म्हणून तुम्ही पहिलं काम हे करा. टेक्निकल सेलची ती खुर्ची खरी आहे की नुसती पाटी आहे, ते तपासा. ग्रेड सारखी असणं ही पाटी झाली. गेल्या दोन वर्षांतली एमओसीची फाईल काढा. किती फॉर्मवर टेक्निकलचा "नको" असा शेरा आहे आणि त्यातले किती बदल खरोखर थांबले, हे मोजा. एकही "नको" नसेल तर तिथे कोणी विचारत नाही किंवा कोणी बोलत नाही. "नको" आहेत पण सगळे बदल झाले असतील, तर तुम्ही मी होतो त्या जागी जाल. मग हॅझॉपच्या, म्हणजे प्लांटमधले धोके एकत्र बसून शोधायच्या अभ्यासाच्या, शिफारशींचं रजिस्टर बघा. पैसे लागणाऱ्या शिफारशी, म्हणजे इंटरलॉक, मोठा कंडेन्सर, रप्चर डिस्क, या बंद झाल्यात की "ऑपरेटरला प्रशिक्षण दिले" असं लिहून मिटवल्यात? दुसरं जास्त दिसलं तर समजा की तुमचा दिवस डेव्हिएशनचे रिपोर्ट आणि ऑडिटची उत्तरं लिहिण्यात जाईल. आपल्या पट्ट्यात हे बरेचदा होतं, कारण अनेक कंपन्यांचे खरे टेक्नॉलॉजीचे निर्णय नवी मुंबईच्या ऑफिसात होतात आणि साइटवरचा एक्स्पर्ट पत्रव्यवहार सांभाळतो. तुमचं रिपोर्टिंग कोणाला, हेही लेखी विचारा. टेक्निकल सेल प्रॉडक्शन हेडच्याच हाताखाली असेल तर तुमचा "नको" त्यांच्याच टार्गेटच्या आड येणार.

दुसऱ्या खुर्चीचं मोजमाप वेगळं आहे. ४२ माणसं म्हणजे ४२ घरं, आणि आपल्याकडे ती घरं खेड, चिपळूण, दापोली, गुहागरमधलीच असतात. कोणी तुमच्या मावशीच्या वाडीतला निघतो. त्याला मेमो दिलात की रविवारी घरी फोन येतो. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला कोकणी माणूस रजा मागत नाही, तो जातोच. मला पहिल्या वर्षी हे कळलं नाही. मी गणपतीत निम्म्यांच्या रजा नाकारल्या, आणि पहिल्या दिवशी सकाळच्या शिफ्टला पाच माणसं आली. तीन रिअॅक्टर चालू होते. दुसऱ्या वर्षापासून मी वार्षिक शटडाऊनच गणपतीला जोडून घेतला, आणि उरलेल्या कामासाठी गोकुळाष्टमीच्या आधी सगळ्यांना बसवून कोण कुठले दिवस येईल ते त्यांच्याकडूनच ठरवून घेतलं. ज्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती तो तिसऱ्या दिवशी येतो, ज्याच्याकडे गौरी-विसर्जनापर्यंत असतो तो पहिले दिवस मोकळा मागतो. मॅनेजरला हे माहीत असावं लागतं, आणि त्यात रस असावा लागतो. मला तुमच्याबद्दल शंका इथे आहे. प्रश्नात तुम्ही आकडेमोड आवडते असं लिहिलंत, पण माणसांबद्दल एकही वाक्य नाही. कदाचित नुसतं लिहायचं राहिलं असेल.

कायद्याची बाजू थोडक्यात. कारखान्याच्या नोंदणीत भोगवटादार आणि व्यवस्थापक अशी दोन नावं असतात, आणि अपघात झाला तर खटला त्यांच्यावर होऊ शकतो. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणजे आपोआप नोंदणीतला व्यवस्थापक नव्हे, पण लहान साइटवर ते नाव पुढे तुमच्याकडे सरकवलं जातं. सही करण्याआधी विचारा, आणि नाव तुमचं असणार असेल तर प्लांट थांबवायचा अधिकारही तुमच्याकडे लेखी हवा.

या दोन कामांचा फरक मी सगळ्यात स्पष्ट पाहिला तो २२ जुलै २०२१ ला, चिपळूण बुडालं त्या दिवशी. लोटे उंचावर आहे, प्लांटला पाणी लागलं नाही. पण रस्ते बंद झाले आणि रात्रपाळीची माणसं आतच अडकली. मी तेव्हा टेक्निकलला होतो. फोनवर मला एकच प्रश्न आला. बाहेरची वीज गेली आहे, जनरेटरचं डिझेल मर्यादित आहे, कुठली बॅच कुठल्या टप्प्यावर थांबवायची? यादी बघून मी वीस मिनिटांत उत्तर दिलं. एक बॅच थंड करून धरायची, एक आहे त्या अवस्थेत पूर्ण करायची, बाकी चार्जिंग बंद. माझं काम संपलं. प्रॉडक्शन मॅनेजरचं काम तिथून पुढे दीड दिवस चाललं. आतल्या माणसांतल्या सहा जणांची घरं चिपळूणच्या बाजारपेठेजवळ होती, फोन लागत नव्हते, एक जण चालत निघायच्या गोष्टी करत होता. त्या माणसांकडून सुरक्षितपणे काम करून घेणं, कोणाला पॅनेलवर बसवायचं आणि कोणाला बसवायचं नाही हे चेहरा बघून ठरवणं, तांदूळ-डाळ मिळवणं, शेजारच्या कारखान्याकडून डिझेल मागणं. मला त्यातलं काहीही जमलं नसतं असं नाही, सहा वर्षं मी ते केलं होतं. पण ते वीस मिनिटांचं काम करताना मी पूर्ण जागा होतो, आणि मॅनेजर असताना दुसऱ्या प्रकारचं काम मी कर्तव्य म्हणून करत होतो. माझा तो सहकारी त्या दीड दिवसाबद्दल आजही ज्या तन्मयतेने बोलतो, तसा मी फक्त बॅचबद्दल बोलतो. मी परत का आलो याचं उत्तर एवढंच आहे.

परत येता येतं का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. येतं, पण मुदत असते. सहा वर्षांत माझा सिम्युलेशनवरचा हात गेला होता, तो चार-सहा महिन्यांत परत आला. प्लांटची जाण वाढलेलीच होती. अडचण वेगळीच आली. मॅनेजर असताना माझी सगळी ओळख साइटच्या आत झाली, बाहेर माझ्या टेक्निकल कामाचा पुरावा काहीच नव्हता. म्हणून मॅनेजर झालात तरी वर्षाला एक हॅझॉप पूर्ण बसून करा, शक्य तर दुसऱ्या युनिटचा, आणि लीडरचं प्रशिक्षण घ्या. उलट बाजूने, टेक्निकल निवडलंत तर आठवड्यातून एक रात्रपाळी प्लांटवर काढा. ती सोडलीत की लॉगशीटवर विश्वास ठेवायला लागाल.

कोकणात राहायचं म्हणता, त्याबद्दल माझा अनुभव असा. लोटे, महाड, रोहा इथे प्रॉडक्शन मॅनेजरच्या जागा निघत राहतात, एक सुटली तर त्याच पट्ट्यात दुसरी मिळते. टेक्निकलच्या वरच्या जागा इथे मोजक्या, वर जाल तसं पनवेलच्या पलीकडे बोलावणं येतं. पण पंधरा वर्षांनंतर चित्र उलटतं. हॅझॉप लीडर किंवा रिअॅक्शन सेफ्टीचा माणूस चिपळूणला घर ठेवून कोकण रेल्वेने फिरून स्वतःचं काम करू शकतो, मी सध्या निम्मा वेळ तेच करतो. निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजरला तसं काम क्वचित मिळतं. आई-वडिलांसाठी पुढची दहा वर्षं इथे राहणं महत्त्वाचं की त्यानंतरची, हे तुम्हीच जाणता.

माझा कल विचाराल तर असा. एमओसीच्या फाईलमध्ये टेक्निकलचा शब्द निदान काही वेळा टिकलेला दिसला, तर एक्स्पर्टची जागा घ्या. तो कधीच टिकलेला नसेल तर तीन वर्षांसाठी मॅनेजर व्हा. त्या तीन वर्षांत शेवटची सही तुमची असेल, आणि फॉर्ममध्ये टेक्निकलच्या सहीला थांबवण्याचा अधिकार देण्याचं काम तुम्हीच करू शकाल. पुढे त्या खुर्चीत जायचं असेल तर ती आधी तयार करून ठेवा.

पण उत्तर देण्याआधी कंपनीकडे चार महिने मागा. सध्याच्या मॅनेजरांना सांगून यंदाच्या गणपतीचं रोस्टर तुम्ही करा, सगळ्या ४२ जणांशी बोलून, आणि ते दिवस स्वतः प्लांटवर काढा. त्याच काळात एक एमओसी पूर्णपणे तुमच्या हिशोबावर चालवा, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या तापमानासकट. दोन्हींनंतर घरी परतताना डोक्यात काय घोळत होतं ते रोज दोन ओळींत लिहून ठेवा. रोस्टर करताना कोणी सांगितलं की "साहेब, शीटवर लिहितो तसं उन्हाळ्यात होत नाही", तर तेवढं मला जरूर कळवा, पुढचं त्यावरून बोलू.